फॉस्टर केअर: पाहुणपण संपल्यावर मूल परीक्षा पाहू लागतं, त्याची आधीच तयारी कशी करावी?

ओसरी
आमच्या घरी तीनेक आठवड्यांनी सात वर्षांची एक मुलगी राहायला येणार आहे, फॉस्टर केअरमध्ये. होम स्टडी झाली, बाल कल्याण समितीसमोर आम्ही दोघं जाऊन आलो, बालगृहात तिला चार वेळा भेटलो. आमचा मुलगा ११ वर्षांचा आहे, तोही दोनदा आला होता.

मुलीला मारहाण वगैरे झालेली नाही. पण घरात तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. दिवसदिवस एकटी असायची, शेजारी देतील ते खायची. बालगृहात ती शहाण्यासारखी वागते, आमच्याशीही फार गोड बोलते.

आम्हाला जे प्रशिक्षण मिळालं त्यात बहुतेक वेळ कागदांवर गेला: आदेश, बँक खातं, भेटींचे नियम. शेवटी एक मॅडम म्हणाल्या, "पहिला महिना छान जाईल, मग मूल तुमची परीक्षा पाहायला लागेल. तेव्हा धीर धरा." म्हणजे नक्की काय करेल आणि आम्ही काय करायचं, हे विचारेपर्यंत वेळ संपली. 'धीर धरा' एवढ्यावर माझं भागत नाहीये. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केशर
अभिनंदन! आम्ही दत्तक घेतलं तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होतं. सुरुवातीला रात्री खूप रडायचं, पण छातीशी धरून ठेवलं की शांत व्हायचं. प्रेम मिळालं की सगळं ठीक होतं, काळजी करू नका.

वाटसरू
ही तीच योजना ना, ज्यात महिन्याला २२५० रुपये मिळतात? माझ्या वहिनीच्या दोन्ही मुलांना मिळतात, भाऊ गेल्यापासून.

दीपशिखा
वाटसरू, तुम्ही म्हणताय ती बालसंगोपन योजना. ती बहुतेक आईकडे किंवा नातेवाइकांकडेच राहणाऱ्या मुलांना मिळते. ओसरीताईंकडे येणारं मूल अनोळखी कुटुंबात येतंय. कायदा तोच असला तरी घरातली गोष्ट वेगळी आहे.

केशर, पाच महिन्यांचं बाळ आणि सात वर्षांची मुलगी यांत मोठा फरक असतो. या मुलीने सात वर्षं स्वतःला सांभाळलंय. मोठ्या माणसांवर विसंबायचं नाही, हे ती अनुभवाने शिकलीय. ते शिकणं नुसत्या मिठीने पुसलं जात नाही. उलट फार जवळ घेतलं तर अशी मुलं घाबरतात.

ओसरीताई, मी गेली काही वर्षं फॉस्टर कुटुंबांची तयारी करून घेते, म्हणून जरा लांब लिहिते. आधी एक विनंती. मुलीबद्दल जेवढं लिहिलंय त्याहून जास्त इथे लिहू नका. नाव, शाळा, गाव, फोटो, काही नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये ओळख उघड करायला बंदी आहे.

आता मूळ प्रश्न. पहिल्या तीन-चार आठवड्यांना तुम्ही धाग्याच्या नावात 'पाहुणपण' म्हटलंय, तो शब्द अगदी बरोबर आहे. मूल पाहुण्यासारखं वागतं. ताटात पडेल ते खातं, चादरीची घडी घालतं, 'हो काकू' म्हणतं. ते त्या काळात तुमचं घर वाचत असतं. कोण कधी चिडतं, चिडल्यावर काय होतं, खायचं कुठे ठेवतात, दार कोण लावतं.

परीक्षा सुरू होते ती मूल बिघडलं म्हणून नव्हे. त्याला इथे राहावंसं वाटायला लागलेलं असतं. राहावंसं वाटलं की भीती येते, कारण आजवर जे जे हवंसं वाटलं ते गेलंय. मग मूल तपासून बघतं: 'मी असं केलं तर सोडाल का? बरं, याहून वाईट केलं तर?' काही मुलं शेवट स्वतःच्या हाताने करायला जातात. घालवून देणारच असतील तर कधी ते आपण ठरवू, असा तो हिशोब असतो. म्हणून सगळ्यात वाईट संध्याकाळ बरेचदा सगळ्यात छान दिवसानंतर येते.

आणि यात पालकांना कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. परीक्षा सगळ्यांची होत नाही, जो सर्वात जवळ आलाय त्याचीच होते. बहुतेक घरांत ती आई असते. बाबा संध्याकाळी येतात, मूल त्यांच्याशी छान हसतं-बोलतं, आणि बाबा म्हणतात, "माझ्याशी तर नीट वागते, तूच जरा जास्त मनावर घेतेस." मुलाच्या वागण्यापेक्षा या वाक्याने घरं जास्त थकलेली मी बघितलीत. तुमच्या यजमानांना हे आजच वाचायला द्या.

आनंदकाका
माझं मत थोडं वेगळं आहे. मी ३० वर्षं वसतिगृह चालवलं. मुलांना पहिल्या दिवसापासून शिस्त लागते. उठायची वेळ, जेवायची वेळ, झोपायची वेळ ठरलेली हवी. 'बिचारी आहे' म्हणून सुरुवातीला सूट दिली की पुढे आवरत नाही. ऐकलं नाही तर एक वेळचं जेवण बंद. दोनदा केलं की तिसऱ्यांदा करावं लागत नाही. आमच्याकडची मुलं पुढे चांगली निघाली.

पारिजात
काका, वेळापत्रकाबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडे भिंतीवर चित्रांचा तक्ता होता आणि त्याचा मुलाला खूप आधार वाटला. पुढे काय होणार हे कळलं की त्याचा जीव खाली बसायचा. पण जेवणाबद्दल माझा अनुभव अगदी उलटा आहे, आणि माझी चूक त्याच बाबतीत झाली.

आमच्याकडे आठ वर्षांचा मुलगा आला. घरी असताना तो आणि धाकटी बहीण, दोघांचं खाणं हाच शोधून आणायचा. पहिला महिना स्वप्नासारखा. पाचव्या आठवड्यात त्याच्या गादीखालून मुंग्यांची रांग निघाली. बघितलं तर सात-आठ पोळ्या, काही बुरशी आलेल्या, आणि कागदात गुंडाळलेला गूळ. मी सगळं काढून टाकलं आणि म्हटलं, "असं चोरून कशाला ठेवतोस? मागितलं की देते ना मी!" मारलं नाही, ओरडलेही नाही फार.

त्यानंतर तो शेजारच्यांच्या फ्रिजमधून घ्यायला लागला. मी ओट्याखालच्या कपाटाला कडी लावली, तर त्याने शाळेत दुसऱ्या मुलांचे डबे खाल्ले. जेवताना एका बैठकीत नऊ पोळ्या खाऊन उलटी केली. आम्हाला वाटलं, हा आता आमच्या हाताबाहेर गेला.

तेव्हा आमच्या समुपदेशक मॅडमनी विचारलं, "तुम्ही टाकून दिलेल्या पोळ्या त्याच्यासाठी काय होत्या?" त्याच्यासाठी ती बचत होती. मी त्याची बचत त्याच्यासमोर कचऱ्यात टाकली होती.

मग आम्ही असं केलं. त्याच्या नावाचा एक डबा, त्याच्या उशाशी. रोज संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून भरायचा: भाजलेले शेंगदाणे, चणे, खाकरा, राजगिऱ्याचा लाडू, एखादं केळं. कधीही उघडायचा, विचारायचं नाही, बाकी कोणी हात लावायचा नाही. पहिले दहा-बारा दिवस तो अर्ध्या तासात डबा रिकामा करायचा. मी एक शब्द न बोलता परत भरायची. हे सोपं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "लाडावून ठेवतेयस." तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सकाळी डब्यात दोन लाडू उरलेले दिसले. ते मी मोजत होते हे त्याला कळू दिलं नाही.

जेवताना पोळ्यांचा डबा झाकून आत न नेता त्याच्यासमोर ठेवायचा, असंही मॅडमनी सांगितलं होतं. 'पुरे' म्हटलं की तो बिथरायचा. 'एवढ्या अजून आहेत, पाच वाजता यातल्याच गरम करून देते' म्हटलं आणि पाचला खरंच दिल्या, की थांबायचा. एकदा जरी पाचचे सात झाले असते तर सगळं मुसळ केरात. साधारण चार महिन्यांनी तो डबा उशाशी विसरून शाळेत जायला लागला.

आनंदकाका
पारिजातताई, वाचलं. आमच्याकडची मुलं घरून जेवून-खाऊन आलेली होती, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. जेवणाचं मी मागे घेतो. पण मग शिक्षा काहीच नाही का? शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून घेतलं, त्याचं काय?

पारिजात
होती ना. त्याने आणि मी मिळून शेजारच्या काकूंना नवं दूध नेऊन दिलं. दार मी वाजवलं, "आमच्याकडून तुमचं दूध संपलं" हे मी म्हटलं, तो पिशवी धरून उभा राहिला. पाच मिनिटांत संपलं. त्या दिवशी पुन्हा तो विषय काढला नाही.

दीपशिखा
काका, परिणाम हवाच, पण तो छोटा, लगेचचा आणि चुकीशी जोडलेला हवा. आमच्या प्रशिक्षणात मी नवरा-बायकोला मूल येण्याच्या आधी एक यादी करायला लावते: या घरात काय कधीच काढून घेतलं जाणार नाही. जेवण, अंथरूण, त्याच्या घरच्या माणसांशी ठरलेली भेट किंवा फोन, आणि या घरात असणं. टीव्ही, मोबाईल, सायकल यांवर मर्यादा घाला, पण या चार गोष्टींना हात नाही. रागाच्या भरात हे ठरवता येत नाही, म्हणून आधीच कागदावर हवं.

दुसरं म्हणजे तालीम. मी समोर बसते आणि मूल होते. "तू माझी आई नाहीस." "मला बालगृहात सोड, तिथेच बरं होतं." आणि पालकांनी उत्तर द्यायचं. पहिल्यांदा जवळजवळ सगळे लांबलचक समजावतात: 'अगं, असं नाही बोलायचं, आम्ही तुझ्यासाठी किती...' चिडलेल्या मुलाला त्यातलं काही ऐकू जात नाही. त्याला फक्त आवाज आणि चेहरा दिसतो. पाच-सहा तालमींनंतर उत्तर दोन वाक्यांवर येतं: "हो, मी तुझी आई नाही. मी इथेच बसलेय." घरी दोघांनी करून बघा. एकाने मूल व्हायचं. दोघांपैकी कोणाला कशाने राग अनावर होतो तेही तेव्हाच कळतं. एका गृहस्थांना उलट उत्तर चालायचं, पण अन्न टाकलेलं बघितलं की त्यांचा तोल जायचा, कारण लहानपणी त्यांनी दुष्काळ बघितलेला. त्यांनी बायकोशी ठरवून ठेवलं: 'मी गच्चीवर जाऊन येतो' म्हटलं की ती पुढे होणार. का, कशाला, हे तेव्हा विचारायचं नाही.

लेस्टरकर
मी मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडमध्ये आम्ही फॉस्टरिंग करतो. इथे आम्हाला रोज नोंद लिहावी लागते. तिकडे सक्ती नसेल, तरी लिहा असं सुचवेन. किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, काय झालं, कोण कोण होतं, किती वेळाने शांत झालं. मुलाबद्दलचं मत लिहायचं नाही. 'हट्टीपणा केला' हे मत झालं. '६:४० ला ताट ढकललं, ७:१० ला माझ्याजवळ येऊन बसली' ही नोंद.

आमच्याकडच्या मुलीचं वागणं आम्हाला अगदी कसंही, कधीही वाटायचं. तीन आठवड्यांच्या नोंदी काढून बसलो तर सहा मोठ्या भांडणांपैकी चार गुरुवारची निघाली. बुधवारी तिची आईशी भेट असायची. त्यानंतर आम्ही गुरुवारी काही ठेवतच नाही. शाळा, घर, गरम जेवण, लवकर झोप. भांडणं थांबली नाहीत, पण तासाची वीस मिनिटांवर आली.

वाटसरू
मग अशा भेटी बंद का करत नाहीत? मुलाला त्रासच होतोय.

लेस्टरकर
मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. पण भेटीनंतर रडणं म्हणजे भेट वाईटच, असं नसतं. आठवण येते म्हणूनही रडू येतं. ते ठरवायचा अधिकारही आमचा नाही. आम्ही नोंद दाखवतो, निर्णय ते घेतात.

दीपशिखा
आपल्याकडेही तसंच. भेटी कमी-जास्त करणं समितीच्या हातात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक घरी येतील तेव्हा वही दाखवा.

गुरुजी_वाई
मी प्राथमिक शिक्षक. थोडं बाजूचं लिहितो, पण उपयोगी पडेल. माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. हाक मारली की लक्ष द्यायची नाही, तीनदा ओरडल्यावर एकदम दचकायची, कधी उलट बोलायची. घरच्यांना वाटे, मुद्दाम करते, परीक्षा बघते. मी तिला पुढच्या बाकावर बसवलं तर उजवीकडून बोललेलं तिला नीट कळतं आणि डावीकडून कळत नाही असं दिसलं. कान वर्षानुवर्षं वाहत होता, कोणी दाखवलाच नव्हता. सगळ्याच वागण्याला 'परीक्षा' म्हणू नका.

दीपशिखा
गुरुजी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. दुर्लक्षित मुलांचे कान, डोळे, दात, जंत, रक्तातलं लोह हे सगळं पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावं. बालगृहात तपासणी झालेली असते, पण कान बऱ्याचदा राहून जातात.

परीक्षा आणि भीती यांतला फरक मी असा ओळखते. परीक्षा बघणारं मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं. वस्तू फेकतं आणि लगेच वर बघतं, आता हे काय करतील? भीतीतलं मूल तुमच्याकडे बघतच नाही. नजर शून्यात जाते, अंग आखडतं, टेबलाखाली शिरतं, एखाद्या वासाने किंवा दार आपटल्याच्या आवाजाने सुरू होतं. तिथे बोलू नका, जरा अंतरावर खाली बसा आणि थांबा. आणि मूल स्वतःला इजा करत असेल, किंवा कोणी अंगाला हात लावल्याचं सांगत असेल, तर तो घरात हाताळायचा विषय नाही. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, त्याच दिवशी कळवायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती देणं पॉक्सोखाली बंधनकारक आहे. रात्री-अपरात्री १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघांनी तालीम केली. हा 'मूल' झाला आणि म्हणाला, "मला परत पाठवा." आणि मी पटकन म्हणून गेले, "कधीच नाही पाठवणार तुला, हे तुझंच घर आहे." मग दोघंही गप्प बसलो. कारण हे खरं आहे का? तिची आई आहे, उपचार चालू आहेत. समिती उद्या आईकडे पाठवेल. फॉस्टर केअरच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांनी आम्ही दत्तकासाठी विचारू शकतो म्हणे, पण ती कायद्याने मोकळी झाली तरच. मग तिने विचारलं तर मी काय सांगू?

पारिजात
मी 'कधीच नाही' म्हटलं होतं. चौदा महिन्यांनी तो आणि बहीण मावशीकडे गेले, आणि ते बरंच झालं, दोघं एकत्र आहेत. पण जाताना तो म्हणाला, "तू खोटं बोललीस." ते अजून मनात आहे.

लेस्टरकर
मला वाटतं, लहान मुलाला त्या क्षणी कायद्याचं काय सांगणार? रात्री दहा वाजता हमसून रडणाऱ्या मुलाला 'तू इथेच आहेस' हेच ऐकायचं असतं. मी तरी म्हणते.

दीपशिखा
यावर आमच्यातही एकमत नाही. मी स्वतः दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. 'तू कशीही वागलीस तरी त्यासाठी मी तुला पाठवणार नाही' हे वचन तुमच्या हातातलं आहे आणि ते पाळता येतं. 'तू कायम इथेच राहशील' हे तुमच्या हातात नाही. मूल तपासत असतं ते पहिलं. म्हणून मी असं सुचवते: "चिडलीस म्हणून इथून कोणी पाठवत नाही. उद्या सकाळी तू इथेच उठशील, मी वेणी घालेन, शाळेत सोडेन." उद्यापुरतं, आणि ते खरं करून दाखवायचं. मोठा निर्णय कोण घेतं, हे शांत वेळी, तिला समजेल असं सांगायचं: "एक समिती आहे, त्या मॅडम तुझ्यासाठी ठरवतात. मला कळलं की मी तुला आधी सांगेन."

अर्थात याला अट आहे. उद्या तुम्हाला खरोखर झेपलं नाही तर हे वचनही मोडेल. म्हणून झेपत नाहीये हे सहाव्या आठवड्यात सांगा, सहाव्या महिन्यात नको. 'आता उद्याच घेऊन जा' असा फोन येतो तेव्हा आमच्याही हातात फार काही उरलेलं नसतं.

आनंदकाका
ओसरीताई, तुमच्या मुलाचं काय ठरवलंय? त्याच्या वस्तू मोडतील, आणि 'तिला काही बोलत नाही, मला बोलता' असं तो म्हणेल. म्हणायलाच हवं त्याने.

ओसरी
काका, हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. त्याच्या कपाटाला कुलूप देणार आहोत, किल्ली त्याच्याकडे. आणि रविवारी सकाळी तो आणि बाबा दोघंच पोहायला जातात, ते बंद करायचं नाही एवढं ठरलंय. पुरेल असं वाटत नाही.

ओसरी *(दोन महिन्यांनंतर)*
ती आली त्याला सहा आठवडे झाले. पाच आठवडे पाहुणपण होतं. मागच्या रविवारी आम्ही सगळे बागेत गेलो, ती पहिल्यांदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. घरी आल्यावर अर्ध्या तासात तिने माझा चष्मा जमिनीवर आपटला आणि माझ्याकडे बघत राहिली. दीपशिखाताई, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच बघत होती. मी तालमीतलं विसरले. "अगं काय हे!" असं ओरडलेच. मग दहा मिनिटांनी जाऊन सांगितलं, "मी ओरडले, घाबरलीस ना. चष्मा आपण उद्या दुकानात देऊ, तू बरोबर ये. जेवायला आमटी-भात आहे." ती जेवली नाही. ताट झाकून तिच्या खोलीत ठेवलं. सकाळी रिकामं होतं.

मुलगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तो अजून रागावलेला आहे आणि मी त्याला घाई करत नाहीये.

आणि आज तिच्या दप्तरात, कंपासपेटीत, अर्धी पोळी सापडली. जिथे होती तिथेच ठेवली. आज डबा आणायला जातेय. पारिजातताई, स्टीलचा घेऊ की प्लास्टिकचा?

पारिजात
प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, मुंग्या येणार नाहीत असा. पण दुकानातच तिला उघडायला सांगा. अंधारात, एका हाताने, आवाज न करता तिला उघडता यायला हवा. आमचा पहिला डबा कडक झाकणाचा होता, तो रात्री उघडता आला नाही म्हणून त्याने परत पोळ्या लपवायला सुरुवात केली होती.